मेंदूवाल्या मीमची शेवटची पायरी कशी वाचायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी, सोसायटीत आणि आत्याच्या भिशीत मी 'ते मीम वगैरे कळणारी' आहे. त्यामुळे चार खणांचा, मेंदू उजळत जाणारा तो फोटो कुणाला आला की तो मला पुढे ढकलला जातो आणि खाली एकच ओळ असते, "यात हसायचं काय आहे गं?" तेच तेच उत्तर सात-आठ वेळा टाइप करून झाल्यावर हे पान लिहिलं. प्रश्न वाचून मगच फोन करावा.

हा मीम नेमका कोणता?

एकाखाली एक चार खण. डावीकडे मजकूर, उजवीकडे चित्र. पहिल्या चित्रात क्ष-किरण फोटोसारखी कवटी आणि आत लहानसा मेंदू. दुसऱ्यात मेंदू पेटायला लागतो. तिसऱ्यात डोक्यात लख्ख उजेड. चौथ्यात डोकंबिकं मागेच पडतं आणि अंगातून प्रकाश फेकणारी, हात पसरलेली एक आकृती दिसते, जणू साक्षात्कारच झालाय. चित्रं सांगतात की माणूस शहाणा होत चाललाय. मजकूर मात्र पायरीपायरीने अधिकाधिक येडचाप होत जातो. सगळी गंमत चित्र आणि मजकूर यांच्या या उलट्या चालीत आहे.

कोरा साचा हवा असेल तर मीम बनवायच्या साइटवर `Expanding Brain` टाइप करा. 'गॅलक्सी ब्रेन' असंही त्याला म्हणतात. आमच्याकडे त्याला 'मेंदूवाला' म्हणतात आणि तेवढ्याने भागतं.

हा आला कुठून?

2017 च्या सुरुवातीला तो इंग्रजी इंटरनेटवर पसरला. सुरुवातीचा गाजलेला नमुना एका शब्दाचा होता. चार पायऱ्यांवर क्रमाने `who`, `whom`, `whomst` आणि `whomst'd`. शेवटची पायरी वाचायची किल्ली या पहिल्याच नमुन्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

`who` म्हणजे 'कोण'. `whom` हे त्याचं 'कोणाला' या अर्थाचं रूप. ते व्याकरणाला धरून आहे, पण रोजच्या बोलण्यात फारसं कुणी वापरत नाही. म्हणून ते वापरणारा जरा जास्तच शिकलेला वाटतो. `whomst` या शब्दाला आजच्या इंग्रजीत जागाच नाही. `amongst`, `whilst` अशा जुन्या वळणाच्या शब्दांना जी शेपटी असते, ती कुणीतरी गंमत म्हणून याला चिकटवली. आणि `whomst'd` मध्ये त्या शेपटीला आणखी एक शेपटी. ती कशाची, हे विचारायचं नाही.

मराठीत करायचं तर असं होईल: मला, मज, मजप्रत, मजप्रतस्व. 'मज' कवितेत चालतं. 'मजप्रत' जुन्या गद्यात शोभेल. 'मजप्रतस्व' हा शब्द मी आत्ता चहा पिता पिता बनवला, पण बघा, चारांत तोच सगळ्यांत विद्वान दिसतो.

आता पहिली पायरी आणि शेवटची पायरी शेजारी ठेवा. सुरुवातीला शब्दाला अर्थ होता. शेवटी अर्थ पार उडून गेला आणि नुसता भारदस्तपणा उरला. म्हणजे हा मनुष्य अर्थासाठी शुद्ध बोलतच नव्हता. त्याला हवा होता रुबाब, आणि चौथ्या पायरीने तेवढं उघडं पाडलं.

मग शेवटची पायरी वाचायची कशी?

स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. वर चढताना काय उरलं? आणि काय गळून पडलं?

प्रत्येक धड मेंदूवाल्या मीममध्ये एक धागा असतो, जो चारही पायऱ्यांतून जातो आणि दर पायरीला आणखी ताणला जातो. त्याशिवाय एक मूळ हेतू असतो, ज्यासाठी पहिली पायरी अस्तित्वात आली. शेवटच्या पायरीवर धागा उरतोच. हेतू शिल्लक आहे का, हे बघायचं. गळून पडला असेल, तर ती चेष्टा आहे. जागच्या जागी असेल, तर शेवटची पायरी बहुधा मनापासून लिहिलेली असते, फक्त विदूषकाचे कपडे घालून.

हे डोक्यावरून गेलं. एखादं उदाहरण?

पुण्यातलंच घेऊ. दुपारी दुकान बंद ठेवण्यावरचा हा नमुना मी स्वतः बनवलेला आहे:

१. दुपारी शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगून अर्धा तास जेवून येणं.
२. दुकान दुपारी 1 ते 4 बंद ठेवणं.
३. दुकान उघडं ठेवून आलेल्या गिऱ्हाइकाला "चारनंतर या" म्हणणं.
४. दुकान न काढता नुसती '1 ते 4 बंद राहील' ही पाटी लावणं.

धागा असा, की मालकाची दुपार गिऱ्हाइकापासून वाचवायची. पहिल्या पायरीत काही गैर नाही, जेवायला सगळेच जातात. दुसरी पायरी आपल्या शहरात वर्षानुवर्षं चालत आलीय. बाहेरचे हसतात, आपल्याला त्यात विनोद दिसतही नाही. तिसरी पायरी फार महत्त्वाची. ती कुणी कबूल करत नाही, पण वाचल्यावर आपल्याला एखादा ठरावीक काउंटर आणि त्यामागचा पेपर वाचणारा ठरावीक माणूस आठवतो. इथपर्यंत आपण जमिनीवर आहोत.

चौथ्या पायरीला जमीन सुटते. दुकान गेलं, माल गेला, गल्ला गेला. हेतू होता धंदा, तोच गळाला. उरली पाटी, तीही अशा दुकानाची जे उघडणारच नाही. तेव्हा टोमणा कोणता? या माणसाचा जीव दुकानात नव्हताच, पाटीत होता. हे वाक्य तिसऱ्या पायरीवर सरळ लिहिलं असतं तर ती नुसती तक्रार झाली असती. चौथ्या पायरीने ते न बोलता सांगितलं.

माझा मामेभाऊ म्हणाला, "चौथी पायरी शक्यच नाही, मग तिला अर्थ काय?" अरे, शक्य नाही म्हणूनच ती चौथी आहे. बाकीच्या तिघींनी माणूस दाखवला. तिने त्याचं सार दाखवलं.

म्हणजे शेवटच्या पायरीवरचा माणूस नेहमी मूर्खच?

नाही, आणि इथेच बहुतेक लोक घसरतात. हा दुसरा नमुना बघा:

१. लक्ष्मी रोडवर जागा शोधून गाडी लावणं.
२. मंडईजवळच्या वाहनतळात गाडी लावून चालत येणं.
३. गाडी डेक्कनला लावून नदी ओलांडून चालत येणं.
४. गाडी घरीच ठेवणं.

ठेवण तीच, मेंदूंचा उजेडही तोच. धागा असा, की गाडी खरेदीच्या जागेपासून लांब लांब लावत जायची. पण हेतू तपासा. खरेदी करायची होती, ती चौथ्या पायरीलाही करता येते. गळली काय, तर गाडी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिथे गाडी घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा, गळायला हवी होती ती हीच. तेव्हा ही चौथी पायरी खरी आहे. लिहिणारा "बसने जा" असं सांगतोय, पण सरळ सांगितलं तर उपदेश वाटेल म्हणून वेडेपणाच्या रांगेत शेवटी उभं राहून सांगतोय.

या प्रकाराला फसणं फार सोपं आहे, कारण चित्राची सवय आपल्याला सांगते की शेवटचं ते बावळट. इंग्रजीत 'गॅलक्सी ब्रेन' हा शब्दच आता टोमणा म्हणून रूढ झालाय. एखाद्याने अतिहुशारी करून भलत्याच निष्कर्षाला पोचावं, तर त्याच्या विचाराला तसं म्हणतात. पण साच्याचा नेहमीचा वापर एक आणि हातात आलेला नमुना एक. दरवेळी हेतू तपासायचाच.

चेष्टा आहे हे कळलं. पण कुणाची?

ते मीमच्या आत लिहिलेलं नसतं. ते पाठवणाऱ्याकडे बघून ठरतं.

माझ्या एका मैत्रिणीने पाठवलेला नमुना असा होता: पुस्तक वाचनालयातून आणून वाचणं, मग पुस्तक विकत घेऊन वाचणं, मग विकत घेऊन न वाचणं, आणि शेवटी न वाचलेल्या पुस्तकांसाठी नवीन कपाट घेणं. हेतू वाचनाचा. तो तिसऱ्या पायरीलाच गळाला, चौथीत तर पुस्तकंसुद्धा बाजूला पडली आणि सुताराशी घासाघीस सुरू झाली. म्हणजे चेष्टा नक्की. पण ही बाई दर महिन्याला अप्पा बळवंत चौकातून पिशवी भरून आणते आणि तिच्या घरात तिसरं कपाट आलेलं मी पाहिलंय. चेष्टा स्वतःची आहे, आणि त्यात थोडी मिरवणूकही आहे.

हाच नमुना तिच्या नवऱ्याने पाठवला असता तर ती तक्रार झाली असती. शब्द तेच, कपाट तेच. दुकानाच्या पाटीचंही तसंच. तो नमुना गिऱ्हाईक पाठवतं तेव्हा कुरकुर असते, दुकानदाराचा मुलगा पाठवतो तेव्हा अभिमान.

म्हणून फॉरवर्ड होऊन आलेल्या नमुन्याचा नेम कुणावर आहे ते ठरवता येत नाही. 'अनेक वेळा पाठवलेला' असा शिक्का असेल तर नाद सोडा. चेष्टा आहे एवढंच कळेल, कुणाची ते नाही.

सोसायटीतलं ते कुंडीचं प्रकरण काय होतं?

हा प्रश्न मला बाहेरचेसुद्धा विचारायला लागलेत, तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

आमच्या पार्किंगवरून ग्रुपवर रोजची धुसफुस चालू होती. मी वातावरण हलकं करायला एक मेंदूवाला बनवला. आपल्या जागेत गाडी लावणं. दुसऱ्याच्या जागेत लावून काचेवर चिठ्ठी ठेवणं. आदल्या रात्रीच त्या जागेत चिठ्ठी ठेवून गाडी सकाळी आणणं. आणि चौथी: गाडी विकून टाकणं, पण जागा अडवायला तिथे तुटकी कुंडी ठेवणं.

माझ्या हिशेबाने चौथी पायरी अशक्य होती. गाडी गेली, हेतू गेला, अडवणूक उरली. अगदी नियमात बसणारी. सकाळी नऊला पाठवला. साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन.

"हे माझ्यावर आहे का गं?"

"नाही हो काका, कुणावरच नाही. मी आपलं मनातलं रचलं."

"मनातलं कसं? दोन वर्षं आहे ती कुंडी तिथे."

खाली जाऊन पाहिलं तर खरंच, खांबाच्या आड, कडा उडालेली मातीची कुंडी, आत वाळकी तुळस. काकांनी स्कूटर दोन वर्षांपूर्वी विकली होती. जागा नावावर आहे, भाचा आला तर लागेल, म्हणून कुंडी. त्यांचं कारण ऐकल्यावर मला ते पटलंही, पण तोवर ग्रुपवर बारा जणांनी हसून घेतलं होतं आणि त्यातल्या निदान चार जणांना कुंडी ठाऊक होती.

वाचण्याच्या रीतीची मर्यादा इथे येते. चौथी पायरी अशक्य असते तोवर ती कुणाची नसते, सगळ्यांची असते. ती प्रत्यक्षात कुणीतरी करत असेल तर मीम राहत नाही, थेट आरोप होतो, आणि पहिल्या तीन पायऱ्या त्या आरोपाची प्रस्तावना. तेव्हापासून मी ओळखीच्या ग्रुपवर टाकण्याआधी चौथी पायरी एकदा खाली जाऊन बघून येते. काका बोलतात माझ्याशी. कुंडी अजून आहे.

घरातल्या मोठ्यांना हा मीम उलटाच का कळतो?

अर्धं कारण फोनचं आहे. उभा लांबलचक फोटो व्हॉट्सॅपवर चॅटमध्ये कापून दिसतो. टॅप करून उघडला नाही तर एखादी पायरी दिसतच नाही, आणि ती नेमकी शेवटची असली की संपलं. आमच्या आत्याने दुकानाच्या नमुन्यातल्या मधल्याच दोन पायऱ्या पाहिल्या आणि "बरोबर आहे, दुपारी विश्रांती हवीच" असं उत्तर पाठवलं. आधी पूर्ण फोटो उघडा.

उरलेलं अर्धं कारण असं, की चित्रात खाली जाताना तेज वाढतं. आपल्याकडे डोक्यामागे प्रभावळ आणि हात पसरलेली मूर्ती दिसली की माणूस आधी नमस्कार करतो. आत्याने चौथा खण बघून "हे कोणते महाराज?" असं विचारलं होतं. गैरसमज तिचा नाही. ज्याने साचा जुळवला त्याने हेच तेज उसनं आणलंय, म्हणून तर खालचं खुळचट वाक्य इतकं फटकन लागतं.

हिमनगाचा मीम आणि हा एकच का?

नाही. हिमनगात खाली जाल तसं माहिती दुर्मीळ होत जाते, मूर्ख होत नाही. घंटेच्या आकाराच्या आलेखाचा एक मीम असतो, त्यात डावीकडचा भोळा आणि उजवीकडचा ज्ञानी एकच वाक्य बोलतात आणि मधला हुशार घाम गाळतो. लक्ष्मी रोडवाला नमुना खरं तर याच्या जवळचा आहे. गाडीच नसलेला माणूस आणि चौथ्या पायरीवरचा, दोघंही बसस्टॉपवरच भेटतील.

स्वतः बनवला तर कुणी हसत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा तिसरी पायरी चुकते. लोक चौथीवर जीव टाकतात आणि तिसरी कशीतरी भरतात. तिसरी पायरी 'होऊ शकतं, किंबहुना होतंच' या जातीची हवी. वाचणाऱ्याने तिथे ओशाळून हसलं पाहिजे. ती आधीच अशक्य झाली तर चौथीला उडी मारायला फळीच राहत नाही.

मला आलेला एक फसलेला नमुना सांगते. चहा पिणं, मग साखर जास्त घालून चहा पिणं, मग चहाच्या टाकीत पोहणं, मग चहाच्या ग्रहावर राहायला जाणं. धागा आहे, पण कुणाबद्दल काहीच कळत नाही. टाकी आणि ग्रह यांत वेडेपणा सारखाच, फक्त आकार मोठा. त्याला मी एवढंच सुचवलं की तिसरी अशी कर: 'चहा झाल्यावर, चहा बरा झाला नाही म्हणून पुन्हा चहा टाकणं'. आणि चौथी: 'पाहुणे निघेपर्यंत चहा टाकत राहणं, प्यायला कुणालाच न देणं'. आता एक यजमान दिसायला लागला. पाहुणचार हा हेतू गळाला, आधण उरलं. "चहा घेऊनच जा हं" असं म्हणून तासभर बसवून ठेवणारं घर प्रत्येकाच्या ओळखीत असतं.

दुसरी चूक धागा मध्येच बदलायची. दोन पायऱ्या पार्किंगच्या आणि तिसरीत एकदम हेल्मेट. वाचणारा तिथेच उतरतो. धागा एका वाक्यात लिहून बघा. लिहिता येत नसेल तर दोन मीम एकत्र झालेत.

आणि अक्षर मोठं ठेवा. डावीकडचा खण अरुंद असतो, त्यात जोडाक्षरांची मराठी ओळ बारीक केली की काना-मात्रा चिकटतात. एका पायरीला सात-आठ शब्द पुरे.

पाचवी, सहावी, दहावी पायरी जोडलेली चालते का?

जोडतात. उजळणारे मेंदू संपले की पुढे आणखी भडक चित्रं लावून लांबच लांब शिड्या केलेल्या दिसतात. माझं मत असं, की हेतू एकदाच गळू शकतो. तो चौथीला गळाला असेल तर पाचवीला गाळायला काही उरत नाही, नुसता आवाज वाढतो.

अपवाद एकच पाहिला, तोही आमच्याच ग्रुपवर. कुंडीच्या प्रकरणानंतर आठवड्याने काकांनी माझा तोच फोटो परत पाठवला. खाली त्यांनी पाचवा खण स्वतः जोडला होता, फोनवर बोटाने लिहून, वाकडातिकडा: 'कुंडीला पाणी घालायला रोज खाली येणं'. चित्राच्या जागी त्यांचा स्वतःचा पासपोर्ट साइज फोटो.